खिळ्यांसकट पाठवलेले पान

पुढचा शब्द वाचून पाहा:

```
dey
```

काही अर्थ लागला? इंग्रजीचा कोश काढून बसू नका. येथे हा इंग्रजी शब्द म्हणून आलेला नाही. हा आपला साधा मराठी 'कमल' आहे.

आमच्या परिचयाच्या एका शाळेने सन २००४ मधील आपला वार्षिकांक पीडीएफ धारिकेच्या रूपात एका तबकडीवर जपून ठेवला होता. इतक्या वर्षांनी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला, तेव्हा कोणाला तरी त्या अंकाची आठवण झाली. तबकडी शाबूत होती, धारिकाही बिनतक्रार उघडली. मुखपृष्ठ होते, चित्रे होती, पानांचे क्रमांक होते. पण लेख आणि कविता यांच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता सडा पडला होता. कुठे दोन अक्षरे एकमेकांवर चढलेली, तर कुठे मध्येच मोठी फट. धारिका बिघडली असे सर्वांनी गृहीत धरले. खरे पाहता त्या धारिकेतील एकही आकडा बदललेला नव्हता. मग मराठी गेली कुठे?

ती तबकडीत कधी नव्हतीच! हे कसे ते समजावून घेऊ, म्हणजे अशी चूक न होणारी धारिका कशी बनवायची तेही आपोआप कळेल.

आकडा आणि आकार

शिशाच्या खिळ्यांनी छपाई होत असे, तेव्हाचा छापखाना डोळ्यांसमोर आणा. लाकडी पेटीत लहान लहान खण असत आणि प्रत्येक खणात एकेका अक्षराचे खिळे. जुळणी करणारा कामगार एकेक खिळा उचलून ओळ लावी. आता असे समजा, की पुण्याच्या एका छापखान्याने सोलापूरच्या छापखान्याला पान पाठवले, पण लावलेले खिळे न पाठवता नुसती चिठ्ठी पाठवली: "खण १०० मधला खिळा घ्या, मग १०१ मधला, मग १२१ मधला." पुण्याच्या पेटीत या खणांत क, म आणि ल होते. सोलापूरच्या पेटीत त्याच खणांत इंग्रजी अक्षरे असली तर? कामगार चिठ्ठीबरहुकूम काम करील, एकही चूक करणार नाही, आणि छापून येईल भलतेच.

संगणकातही नेमके हेच घडते. संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. त्या आकड्याला कोणता आकार द्यायचा हे फॉन्ट ठरवतो. फॉन्ट म्हणजे आपली खिळ्यांची पेटी. रोमन लिपीच्या जुन्या संकेतात d चा क्रमांक १००, e चा १०१ आणि y चा १२१ आहे. भारतीय लिप्यांसाठी सर्वमान्य संकेत रूढ होण्यापूर्वी फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. रोमन अक्षरांच्या खणांत त्यांनी देवनागरी आकार बसवले. कृतिदेव हा अशा फॉन्टांपैकी सर्वांत प्रसिद्ध. त्यात १०० व्या खणात 'क', १०१ व्या खणात 'म' आणि १२१ व्या खणात 'ल' आहे. त्या फॉन्टमध्ये 'कमल' उमटवायचे म्हणजे प्रत्यक्षात `dey` असे टंकलिखित करायचे. 'भारत' हवा असेल तर `Hkkjr`. यात `H` म्हणजे अर्धा 'भ', पहिला `k` म्हणजे त्या अर्ध्या भ चा दंड, दुसरा `k` म्हणजे काना, मग `j` चा 'र' आणि `r` चा 'त'. गंमत आहे की नाही?

वार्षिकांकाच्या धारिकेत फक्त चिठ्ठी होती: "कृतिदेव नावाची पेटी घ्या आणि हे हे खण वापरा." २००४ साली शाळेच्या संगणकावर ती पेटी होती, म्हणून सारे ठीक दिसले. नव्या संगणकावर ती नव्हती. मग पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने हाताशी असलेली दुसरी पेटी घेतली आणि मुकाट्याने काम उरकले. अक्षरांमधल्या त्या विचित्र फटींचे कारणही येथेच आहे. प्रत्येक अक्षराने किती रुंद जागा व्यापायची याचे आकडे मात्र धारिकेत नोंदलेले होते. ती मापे होती कृतिदेवच्या आकारांची आणि त्यांत बसवली गेली परकी अक्षरे. म्हणून कोठेही अशी ओढाताण दिसली, की फॉन्ट बदलला गेला आहे असा संशय घ्यावा.

पेटीच सोबत पाठवली तर?

पीडीएफ हा प्रकार अडोबी या अमेरिकन कंपनीने १९९३ साली आणला. कोणत्याही यंत्रावर पान सारखेच दिसावे हा त्याचा हेतू होता, आणि त्यासाठी फॉन्ट धारिकेतच घालून देण्याची सोय त्यात होती. पण ती सोय होती, सक्ती नव्हे. शिवाय टाइम्स, हेल्व्हेटिका, कुरियर इत्यादी मिळून चौदा फॉन्ट 'सर्वांकडे असतातच' असे धरून ते धारिकेत न घालण्याची मुभा होती. त्या काळी साठवणुकीची जागा महाग असल्याने पुष्कळजण फॉन्ट वगळून धारिका लहान करीत. आपल्या वार्षिकांकाचा बळी त्या काटकसरीने घेतला.

खरे म्हणजे ही काटकसर फारशी नव्हतीच. संपूर्ण पेटी कोंबण्याची गरज नसते. पानांवर जे आकार प्रत्यक्ष वापरले तेवढेच घेतले तरी भागते. याला उपसंच म्हणू. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे शेकडो आकार असतात आणि त्याची धारिका शेदोनशे किलोबाइटपर्यंत सहज जाते. दोन पानांच्या लेखात त्यांपैकी शंभरदीडशे आकारच लागतात, म्हणून उपसंच बराच लहान होतो.

तुमच्यापैकी एखादा म्हणेल, "एवढा खटाटोप कशाला? पानाचे छायाचित्रच काढून ठेवावे!" हिशेब करून पाहा. ए-४ आकाराचे पान दर इंचाला ३०० ठिपके या बारकाव्याने टिपले तर ते २४८० ठिपके रुंद आणि ३५०८ ठिपके उंच होते. गुणाकार केला की ८६,९९,८४० ठिपके. दर ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट लागतात. म्हणजे दाबून लहान करण्यापूर्वी एका पानाला सुमारे २ कोटी ६१ लाख बाइट! ते दाबून कमी करता येते हे खरे. पण त्या चित्रात 'कमल' हा शब्द शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण तेथे शब्द नाहीत, ठिपके आहेत.

धारिकेत फॉन्ट आहे की नाही हे पाहण्यासाठी `pdffonts` नावाचा एक छोटा मोफत प्रोग्रॅम आहे. वार्षिकांकाला तो लावला तेव्हा जे दिसले त्यातले काही रकाने गाळून येथे देतो. खालची ओळ नव्याने बनवलेल्या धारिकेची आहे.

```
name                               emb sub uni
KrutiDev010                        no  no  no
BAAAAA+NotoSansDevanagari-Regular  yes yes yes
```

`emb` या रकान्यात `yes` असेल तर फॉन्ट आत आहे. `sub` म्हणजे उपसंच; नावाआधीची सहा मोठी अक्षरे आणि अधिकचिन्ह हीच त्याची खूण. तिसऱ्या `uni` रकान्याची गोष्ट पुढे येईल. हा प्रोग्रॅम नसेल तर अडोबीच्या वाचकात `File`, मग `Properties` आणि त्यात `Fonts` हे पान उघडा. तेथे फॉन्टच्या नावापुढे `Embedded Subset` असे लिहिलेले हवे.

बाहेरचे काही नको

न्यायालयाचे निकाल, जमिनीची कागदपत्रे, ग्रंथालयातले प्रबंध, हे पन्नास वर्षांनीही वाचता आले पाहिजेत. तेथे 'सोय आहे, वापरा किंवा वापरू नका' असे चालत नाही. अमेरिकेतील न्यायालयांची प्रशासकीय कचेरी आणि छपाई व दस्तऐवज या व्यवसायांतील संघटना यांनी २००२ साली या प्रश्नावर काम सुरू केले. त्यातून २००५ साली आयएसओ १९००५ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यालाच पीडीएफ/ए म्हणतात. यातला 'ए' म्हणजे अर्काइव्ह, अर्थात दप्तरखाना.

हा काही नवा प्रकार नव्हे. ती पीडीएफच आहे, फक्त तिच्यावर बंधने घातली आहेत. सगळ्या बंधनांमागे एकच प्रश्न आहे: पान दाखवताना ही धारिका बाहेर कोणाकडे काही मागते का? फॉन्ट मागते, तर नापास. टाइम्स आणि हेल्व्हेटिकादेखील आत घातलेच पाहिजेत. येथे चौदांची सवलत नाही. पानावरचे चित्र दुसऱ्या धारिकेतून आणायचे असेल तर नापास. परवलीचा शब्द लावलेला असेल तरीही नापास, कारण तो शब्द माणसाच्या डोक्यात असतो आणि माणूस विसरतो. धारिकेत लपवलेला जावास्क्रिप्ट प्रोग्रॅमही चालत नाही, ध्वनी आणि चलच्चित्रही पानावर चालत नाहीत, कारण ते चालवणारे यंत्र उद्या असेलच असे नाही. संकेतस्थळाचा दुवा मात्र चालतो. तो पुढे मेला तरी पान जसेच्या तसे दिसते.

रंगाचे बंधन थोडे नवलाचे वाटेल. 'तांबडा २००, हिरवा ०, निळा ०' एवढेच लिहिले तर हा तांबडा नेमका कोणता? तुमच्या पडद्यावर एक, माझ्या पडद्यावर दुसरा. येथेही आकडा आहे आणि अर्थ बाहेर आहे. फॉन्टचीच कथा! म्हणून या आकड्यांचा अर्थ सांगणारे एक कोष्टक, ज्याला रंगवर्णन म्हणता येईल, तेही धारिकेत घालावे लागते.

वार्षिकांकाचे पुनरुज्जीवन

आता प्रत्यक्ष काम. वार्षिकांकातली एक कविता सोडवायला घेऊ.

सर्वांत मोहक आणि सर्वांत चुकीचा मार्ग आधी सांगतो. साध्या पीडीएफचे पीडीएफ/ए मध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात. नव्या संगणकावर जुनी धारिका त्यांना दिली तर कृतिदेव न सापडल्यामुळे ते दुसरा रोमन फॉन्ट घेतील, तो व्यवस्थित आत घालतील, आणि तुमच्या हाती एक निर्दोष पीडीएफ/ए पडेल. तीत `dey` आता कायमचे जपले जाईल! मानकाची एकही अट मोडलेली नसेल. म्हणून रूपांतरापूर्वी पान डोळ्यांनी नीट दिसते आहे याची खात्री करणे हीच पहिली पायरी.

शाळेतल्या एका जुन्या संगणकावर कृतिदेव मिळाला. तो नव्या संगणकावर बसवताच बहुतेक पाने मराठीत दिसू लागली. पण दिसणे म्हणजे सुटणे नव्हे. आतले आकडे अजूनही १००, १०१, १२१ असेच आहेत, आणि त्या धारिकेत 'कमल' शोधले तर सापडत नाही. यावर कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणे. युनिकोडमध्ये जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो कोणत्याही फॉन्टवर अवलंबून नाही. 'क' म्हणजे `U+0915`, मग पेटी कोणाचीही असो.

तर मग `d` दिसला की 'क' लिहायचा, `r` दिसला की 'त' लिहायचा, एवढेच ना? करून पाहा. कृतिदेवमध्ये 'किती' हा शब्द असा साठवलेला असतो:

```
fdrh
```

`f` म्हणजे पहिली वेलांटी, `d` म्हणजे क, `r` म्हणजे त, `h` म्हणजे दुसरी वेलांटी. अक्षराला अक्षर बदलले तर आधी वेलांटी आणि मग क येतो, कारण हा फॉन्ट डोळ्यांना दिसतो तो क्रम पाळतो. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळतात: आधी क, `U+0915`, आणि मग वेलांटी, `U+093F`. कागदावर वेलांटी डावीकडे दिसते, ती दाखवताना तेथे सरकवली जाते. म्हणून रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला प्रत्येक पहिली वेलांटी उचलून पुढच्या व्यंजनापलीकडे न्यावी लागते. पुढे जोडाक्षर असेल तर सबंध जोडाक्षरापलीकडे. रफाराचे नेमके उलटे: कृतिदेवमध्ये तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये अक्षराआधी. हे काम करणारे तयार प्रोग्रॅम मिळतात. पण 'निर्मिती', 'स्थिर्त्यंतर' अशा शब्दांपाशी त्यांची परीक्षा होते. (दुसरा शब्द मुळात चुकीचा छापला होता, हवा होता 'स्थित्यंतर'. जपणूक करणाऱ्याने चूक दुरुस्त करावी की तशीच ठेवावी, यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी तशीच ठेवली.) थोडक्यात, रूपांतरानंतर मुद्रितशोधन टळत नाही. जुने पान शेजारी धरून ओळ न ओळ ताडून पाहावी लागते. एका पानाला आम्हाला पाऊण तास लागला.

आता फॉन्ट निवडायचा. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्त यांसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट घ्या. याचे कारण निव्वळ पैशांची बचत हे नाही. प्रत्येक फॉन्टच्या आत एक खूण असते आणि 'मला दुसऱ्या धारिकेत घालू द्यावे की नाही' हे ती सांगते. मनाई असलेला फॉन्ट वापरलात तर काही प्रोग्रॅम त्याला आत घालायला नकार देतात, आणि पीडीएफ/ए तर त्यावाचून बनूच शकत नाही.

लिबरऑफिसमध्ये मजकूर घ्या, फॉन्ट लावा आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवा. भाषेची नोंद कशाला? ज्या फॉन्टांत मराठी आणि हिंदी वळणे वेगळी ठेवली आहेत, त्यांत ही नोंद पाहूनच मराठीचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' निवडला जातो. लक्षात घ्या, युनिकोड क्रमांक दोन्हींचा एकच आहे! म्हणजे युनिकोड असूनही आकाराचा प्रश्न फॉन्टकडेच राहतो, आणि निवडलेला आकार धारिकेत गोठवला तरच तो पुढे तसाच दिसतो.

मग `File`, `Export As`, `Export as PDF` असे जा. `General` या पानावर `Archival (PDF/A, ISO 19005)` अशी चौकट आहे, तीत खूण करा आणि आवृत्ती म्हणून `PDF/A-2b` निवडा. पहिली आवृत्ती २००५ ची. तीत अर्धपारदर्शक रंग चालत नाहीत, त्यामुळे चित्रांच्या सावल्या वगैरे सपाट होतात. २०११ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ही अडचण नाही. शेवटचा `b` ही पातळी आहे: पान दिसायला जसेच्या तसे राहील एवढीच ती हमी देते. `Export` दाबले की धारिका तयार. मूळ लेखनाची धारिका मात्र टाकून देऊ नका. पीडीएफमध्ये फक्त वापरलेल्याच अक्षरांचे आकार असल्यामुळे पुढे एखादा नवा शब्द घालायचा झाला तर त्याचे अक्षर तेथे नसेलही.

परीक्षा

तयार धारिकेत आत कुठेतरी अशा दोन ओळी असतात:

```
<pdfaid:part>2</pdfaid:part>
<pdfaid:conformance>B</pdfaid:conformance>
```

'मी पीडीएफ/ए, भाग २, पातळी बी आहे' असे धारिका स्वतःविषयी सांगते. पण बरणीवर 'साखर' अशी चिठ्ठी असली तरी आत मीठ असू शकते. चिठ्ठीवर न विसंबता आतला माल तपासणारा प्रोग्रॅम म्हणजे व्हेरापीडीएफ. तोही मोफत आहे.

```
verapdf --flavour 2b kavita.pdf
```

उत्तर बरेच लांबलचक येते. त्यात `isCompliant` हा शब्द शोधा. त्यापुढे `true` असेल तर उत्तीर्ण. `false` असेल तर मानकातले कोणते कलम मोडले ते खाली दिलेले असते. आमच्या कवितेचा पहिला प्रयत्न नापास झाला! दोष फॉन्टचाच निघाला. कवितेसोबतचा नकाशा एका विद्यार्थ्याने दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये काढून पीडीएफच्या रूपात जोडला होता, आणि त्यातल्या नावांसाठी वापरलेला हेल्व्हेटिका आत नव्हता. 'सर्वांकडे असतो' या सवलतीचा हा अवशेष. नकाशा खुल्या फॉन्टमध्ये पुन्हा काढला आणि धारिका उत्तीर्ण झाली.

तरीही आणखी एक परीक्षा उरते, आणि देवनागरीसाठी ती सर्वांत कठीण. पीडीएफच्या पानावर युनिकोड क्रमांक नसतात, फॉन्टमधल्या आकारांचे क्रमांक असतात. पुन्हा आपले खणच! 'क्ष' हे युनिकोडमध्ये तीन चिन्हांचे बनते: क, हलन्त आणि ष. पानावर मात्र तो एकच आकार, एकच खिळा. या खिळ्यापासून मूळ तीन चिन्हांकडे परत नेणारे एक कोष्टक धारिकेत असावे लागते. `pdffonts` च्या `uni` रकान्यातले `yes` म्हणजे हे कोष्टक आहे. `b` पातळीला त्याची सक्ती नाही. `2u` या पातळीला आहे.

आणि तेही पुरत नाही. कोष्टक एकेका आकाराचा अर्थ सांगते, त्यांचा क्रम सांगत नाही. 'किती' मधली पहिली वेलांटी पानावर क च्या आधी आहे. कोष्टक वापरून मजकूर परत काढला तर पुन्हा आधी वेलांटी आणि मग क, थेट कृतिदेवसारखेच! यासाठी पीडीएफमध्ये `ActualText` नावाची सोय आहे: आकारांच्या एखाद्या गटापुढे 'यांचा खरा मजकूर हा' असे लिहून ठेवता येते. चांगले प्रोग्रॅम ते लिहितात, सगळे लिहीत नाहीत, आणि वाचणारे सगळे प्रोग्रॅम ते वाचतातच असेही नाही. व्हेरापीडीएफ हा क्रम तपासत नाही, कारण त्याला मराठी येत नाही.

ती परीक्षा तुम्हीच घ्यायची. एका कागदावर 'कमल', 'किती', 'क्षण', 'निर्मिती' हे चार शब्द लिहून त्यांची पीडीएफ/ए बनवा. ती उघडा, चारही शब्दांची नक्कल उचला आणि साध्या मजकुराच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवा. 'कमल' बहुधा नीट येईल. 'किती' च्या आरंभी एकटी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसली, किंवा 'निर्मिती' मधला रफार भलत्याच अक्षरावर गेला, तर समजा की पान जपले गेले आहे पण मजकूर जपला गेलेला नाही. मग पीडीएफमध्येच त्या शब्दांचा शोध घेऊन पाहा. एका वाचकात सापडतील आणि दुसऱ्यात सापडणार नाहीत असेही घडते. म्हणून निदान दोन वेगळे वाचक वापरा. शेवटी ती धारिका ज्यावर देवनागरीचे हे फॉन्ट कधीच बसवलेले नाहीत अशा संगणकावर न्या, इंटरनेटची तार काढा आणि उघडा.

आमच्या कवितेचे चारही शब्द नीट उतरले. वार्षिकांकाची अजून त्रेसष्ट पाने बाकी आहेत. पाने पाडून घेतली आहेत, आणि सध्या आठवीच्या दोन तुकड्या मुद्रितशोधन करीत आहेत.